बस उशिरा आली, पेपर बुडाला

अकरावीतल्या एका मुलीनं इंग्रजी निबंधात लिहिलं होतं, ‘द बस वॉज लेट, आय मिस्ड द फर्स्ट पेपर.’ मी स्वल्पविरामाभोवती लाल गोल केला. ती वही घेऊन आली. “सर, बस उशिरा आली, माझा पहिला पेपर बुडाला. यात चुकलं काय?”

मराठीत काहीच चुकलेलं नाही. आपल्याकडे क्रियापद बहुधा शेवटी येतं. ‘आली’ म्हटलं की वाक्य संपल्याचं कानाला कळतं, मग पुढे स्वल्पविराम असो वा पूर्णविराम. इंग्रजीत क्रियापद मधेच येऊन जातं आणि त्यानंतर काय, कुठे, केव्हा अशी शेपटी कितीही वाढू शकते. त्यामुळे स्वल्पविराम दिसला की वाचणारा त्याच वाक्याची शेपटी समजून पुढे जातो. तिथे अचानक ‘आय’ हा नवा कर्ता उभा राहतो आणि त्याला मागे फिरावं लागतं. दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडण्याच्या या चुकीला इंग्रजीत कॉमा स्प्लाइस म्हणतात.

ती ओळखायची एक सोपी युक्ती आहे. स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंचे वेगवेगळे प्रश्न करून पाहायचे, हो किंवा नाही असं उत्तर येणारे. ‘वॉज द बस लेट?’ ‘डिड आय मिस द फर्स्ट पेपर?’ दोन्ही प्रश्न नीट झाले, म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या पायांवर उभ्या आहेत. ‘बिकॉज द बस वॉज लेट’ याचा असा प्रश्न होत नाही. ते गौण वाक्य आहे आणि त्याच्यापुढचा स्वल्पविराम निर्दोष.

दुरुस्ती कोणती करायची हे मात्र काय म्हणायचंय त्यावर ठरतं. पूर्णविराम दिला की दोन घटना सुट्या होतात. बसचा उशीर हा एक धक्का, पेपर बुडणं हा दुसरा. अर्धविराम दिला की त्यांचं नातं आहे एवढंच सुचवलं जातं, कोणतं ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. स्वल्पविराम ठेवून पुढे ‘सो’ घातलं की कारण आणि परिणाम उघड होतो. आणि ‘बिकॉज द बस वॉज लेट, आय मिस्ड द फर्स्ट पेपर’ असं केलं की बस गौण ठरते, सगळा भार पेपरवर येतो. तिच्या निबंधाचा विषय परीक्षेचा दिवस होता, म्हणून मला हे शेवटचं रूप आवडलं. विषय एसटीचा प्रवास असता तर कदाचित मी पूर्णविरामच सुचवला असता.

तिनं घरी जाऊन दुरुस्त केलं ते असं: ‘द बस वॉज लेट, देअरफोर आय मिस्ड द फर्स्ट पेपर.’ चूक जागच्या जागी! आपली मुलं अडतात ती नेमकी इथे, आणि त्याला शब्दकोशही थोडा जबाबदार आहे. ‘सो’ म्हणजे म्हणून, ‘देअरफोर’ म्हणजेही म्हणून. ‘बट’ म्हणजे पण, ‘हाऊएव्हर’ म्हणजेही पण. मराठी अर्थ एकच, पण इंग्रजीत त्यांची जात निराळी. ‘सो’ आणि ‘बट’ ही उभयान्वयी अव्ययं, ती दोन वाक्यं बांधू शकतात. ‘देअरफोर’, ‘हाऊएव्हर’, ‘देन’ ही क्रियाविशेषणं. ती नातं सांगतात, गाठ मारत नाहीत. पारख करायची तर शब्द हलवून पाहावा. ‘हाऊएव्हर’ वाक्याच्या मधे किंवा शेवटी सरकवता येतो. ‘बट’ जागचा हलत नाही. जो हलतो, त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवाच.

नियमाला अपवादही आहेत. विल्यम स्ट्रंक यांच्या 1918 च्या ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’मध्ये दोन स्वतंत्र वाक्यं स्वल्पविरामानं जोडू नयेत असं बजावलंय, पण वाक्यं अगदी छोटी आणि एकाच घडणीची असतील तर चालतं, अशी सूटही आहे. सीझरचं ‘आय केम, आय सॉ, आय काँकर्ड’ त्यामुळेच खटकत नाही. परीक्षेच्या पेपरात मात्र या सवलतीच्या वाटेला जाऊ नये असं मी मुलांना सांगतो. तपासणारा सीझर समजून गुण देत नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही पाहिली. लाल गोलाला घाबरून एकानं सगळीकडे पूर्णविराम ठोकले, आणि ‘बिकॉज द बस वॉज लेट.’ हा तुकडा एकटाच लटकत राहिला.

मुलीच्या निबंधात शेवटी आणखी एक वाक्य होतं: ‘द सुपरवायझर वॉज काइंड, हाऊएव्हर, द पेपर वॉज ओव्हर.’ मी विचारलं, हा ‘हाऊएव्हर’ कोणाचा, सुपरवायझरचा की पेपरचा? दोन स्वल्पविरामांच्या मधे तो दोघांचाही होता. तिनं थोडा विचार केला, ‘काइंड’पुढचा स्वल्पविराम राहू दिला आणि ‘हाऊएव्हर’ त्याच्या मागच्या स्वल्पविरामासकट खोडून वर ‘बट’ लिहिलं.