पत्रिकेवरची जोडी आणि कडेची पांढरी रेघ
पत्रिका घडते कशी : भाग ४

मागच्या भागात पत्रिकेचा आकार आणि रंग ठरला : मरून पार्श्वभूमी, सोनेरी अक्षरं. आता तिच्यावर वधू-वरांचा फोटो बसवायचा आहे. छत्रपती संभाजीनगरात प्री-वेडिंगच्या फोटोंत बीबी का मकबरा हमखास असतो, म्हणून तोच नमुना घेऊ. मागे मकबऱ्याची पांढरी भिंत आणि घुमट, वर आकाश. नवरदेव क्रीम शेरवानीत, नवरी हिरव्या पैठणीत, केस मोकळे आणि त्यात मोगऱ्याचा गजरा.

असा फोटो कापून मरून रंगावर ठेवला की जोडीभोवती फिकट पांढरी रेघ उमटते. पुष्कळांना वाटतं, कापताना हात हलला. खरं कारण फोटोतच असतं. खांदा जिथे संपतो आणि भिंत सुरू होते, तिथले एक-दोन पिक्सेल धड खांद्याचे नसतात, धड भिंतीचे नसतात. त्यांच्यात दोन्हींचा रंग मिसळलेला असतो. भिंत गेली तरी तिचा पांढरेपणा त्या पिक्सेलमध्ये राहतो. पांढऱ्या पत्रिकेवर तो दिसत नाही, मरूनवर लगेच डोळ्यांत भरतो.

म्हणून फोटोशॉपमध्ये काम सुरू करतानाच जोडीच्या लेअरखाली पत्रिकेचाच मरून रंग भरून ठेवावा. पांढऱ्या किंवा चौकटीच्या पार्श्वभूमीवर स्वच्छ वाटलेली कड पुढे फसवते. फोटो मूळ फाइलच मागवावी. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून आलेली प्रत लहान होते, शिवाय जेपीईजीच्या दाबामुळे कडेला बारीक ठिपके पडतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी येते. छपाईत जोडी ३ इंच रुंद हवी असेल तर ३०० डीपीआयला तिची रुंदी किमान ९०० पिक्सेल लागते. कापावं मात्र मूळ मोठ्या आकारात आणि लहान नंतर करावं, म्हणजे बारीक चुका आपोआप दबतात.

कपड्यांची कड Pen Tool नेच काढावी. क्रीम शेरवानी आणि पांढरी भिंत यांत फरक इतका कमी असतो की आपोआप निवड करणारं साधन खांद्याचा तुकडा खातं किंवा भिंतीचा तुकडा सोबत आणतं. तिथे शिलाई आणि सावली बघून रेषा डोळ्यानेच ठरवावी लागते. २०० टक्के झूम करावा, बिंदू कमी ठेवावेत आणि वळणावरच द्यावेत. जास्त बिंदू दिले की खांदा खडबडीत दिसतो. सगळ्यात महत्त्वाचं, रेषा कडेवरून न नेता एक-दोन पिक्सेल आतून न्यावी. मिसळलेले पिक्सेल असे बाहेरच राहतात. कोपर आणि कंबर यांच्यामधली भिंत बरेचदा विसरली जाते, तिची वेगळी पाथ करून ती वजा करावी. मग पाथची निवड करून Feather अर्धा पिक्सेल द्यावा आणि त्यावरून लेअर मास्क लावावा. इरेझर वापरू नये. त्याने पुसलेलं नंतर परत आणता येत नाही, मास्कवर पांढरा ब्रश फिरवला की येतं.

केसांना पेन चालत नाही, डोक्यावर टोप घातल्यासारखं दिसतं. चॅनेल्समध्ये जाऊन Blue पाहावा : आकाश आणि घुमट उजळ, केस जवळजवळ काळे. त्याची प्रत करून Levels ने काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं करावं, पण केसांच्या टोकांची करडी छटा शिल्लक ठेवून. ती गेली की केस तुटक दिसतात. इथे गजरा दगा देतो. मोगऱ्याची फुलंही घुमटाइतकीच पांढरी, त्यामुळे ती पार्श्वभूमीत जाऊन केसांत भोक पडतं. गजरा आणि चेहरा या प्रतीवर काळ्या ब्रशने हातानेच भरावेत, मग प्रत उलटी करून Ctrl धरून तिच्यावर क्लिक करावं. केसांची निवड मिळते, ती आधीच्या मास्कमध्ये मिळवावी.

एवढं करूनही केसांच्या टोकांना घुमटाची पांढुरकी झाक उरते, कारण केस इतके बारीक की आत सरकायला जागाच नसते. Select and Mask मधलं Decontaminate Colors त्या टोकांना शेजारच्या केसांचा रंग देतं. त्याचं प्रमाण हळूहळू वाढवावं, जास्त झालं तर गजऱ्याच्या पाकळ्याही काळवंडतात. तसं दिसलं तर गजऱ्याचा भाग मूळ लेअरमधून परत घ्यावा. वाऱ्यावर उडालेले एक-दोन सुटे केस वाचवत बसू नये. ते कापून टाकावेत आणि हवे तर दोन पिक्सेलच्या ब्रशने नव्याने काढावेत.

छापखान्यात फाइल पीएसडी किंवा पीएनजी म्हणून द्यावी. जेपीईजीत पारदर्शकता राहत नाही, जोडीमागे पांढरा चौकोन येतो. मात्र पीएनजीत सीएमवायके नसतं, म्हणून रंगांची खात्री हवी असेल तर पीएसडीच बरी. पुढच्या भागात हाच मरून छापताना काळपट का पडतो, ते पाहू.