३.४ आरोग्यपत्रकाची वाचनसुलभता : तपासणी आणि पुनर्लेखन

मागील घटकात आपण प्रमाणभाषा आणि बोली यांचा संबंध पाहिला. आता त्याचे एक उपयोजन पाहू. जुलाबावरील पत्रकातील पुढील नमुना-वाक्य वाचा :

‘अतिसारग्रस्त बालकास निर्जलीकरणाची लक्षणे दृष्टोत्पत्तीस येताच पाकिटातील क्षारमिश्रण एक लिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवून प्रत्येक शौचानंतर अल्प प्रमाणात देण्यात यावे व तयार द्रावण २४ तासांनंतर वापरू नये.’

तपासणी

रूडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ मधील सूत्र वाक्याची लांबी आणि शब्दातील अक्षरांची संख्या मोजते. ते इंग्रजीसाठी आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात. त्यामुळे ‘घरातल्यांसाठी’ हा लांब शब्द सोपा असतो, तर ‘क्षार’ हा आखूड शब्द अनेकांना अडवतो. म्हणून केवळ मोजणी न करता चार प्रश्न विचारावेत : वाक्यात किती कृती आहेत? कर्ता कोण? शब्द वाचकाच्या बोलण्यातला आहे का? माप घरातल्या भांड्याने मोजता येते का?

वरील वाक्यात २६ शब्द आणि तीन कृती आहेत. ‘देण्यात यावे’ या रचनेत कर्ता हरवतो. ‘अल्प प्रमाणात’ म्हणजे किती, हे कळत नाही. आशयाचा दोषही आहे : निर्जलीकरणाची वाट न पाहता जुलाब सुरू होताच हे पाणी पाजायचे असते.

पुनर्लेखन

१. बाळाला जुलाब सुरू झाले की लगेच हे पाणी बनवा.
२. साबणाने हात धुवा.
३. एक लिटरच्या बाटलीभर पिण्याचे स्वच्छ पाणी भांड्यात घ्या.
४. पाकिटातली सगळी पावडर त्यात टाका आणि ढवळा.
५. दर जुलाबानंतर चमच्याने हळूहळू पाजा. दोन वर्षांखालील बाळाला पाव ते अर्धा पेला (५० ते १०० मिली) द्या.
६. उरलेले पाणी २४ तासांनी ओतून टाका.

‘जुलाब’ या शब्दाचा ‘रेचक औषध’ असाही अर्थ होतो. त्या गावात ‘हगवण’ किंवा ‘पातळ संडास’ रूढ असेल, तर तोच शब्द योजावा.

पडताळणी

‘समजले का?’ असे विचारल्यास बहुधा ‘हो’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी पत्रक वाचून झाल्यावर वाचकाच्या हाती पाकीट द्यावे आणि पाणी बनवून दाखवण्यास सांगावे. कोणी अंदाजाने अर्धी पावडर पेलाभर पाण्यात टाकली, तर ते पाणी प्रमाणाबाहेर खारट होऊन बाळाला अपायकारक ठरते. अशा वेळी दोष वाक्य ४ मध्ये शोधावा. तेथे ‘पेल्यात थोडी थोडी पावडर टाकून बनवू नका’ अशी भर घालावी आणि दुसऱ्या वाचकाकडून पुन्हा पडताळणी करावी.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका आरोग्यपत्रकातील सर्वांत लांब वाक्य निवडा. त्याला वरील चार प्रश्न लावून त्याचे पुनर्लेखन करा.