पाच टक्के सवलत, पंधरा टक्के व्याज

शाळेचं फीपत्रक हातात पडतं तेव्हा त्यात एक ओळ असते: वर्षाची फी एकरकमी भरल्यास ५ टक्के सवलत. घरात यावर चर्चा होते ती ठरलेल्या वळणाने. एकजण म्हणतो, सहा हजार वाचतात, भरून टाकू. दुसरा म्हणतो, बँक साडेसहा टक्के देते आणि शाळा पाचच देते, मग पैसे बँकेतच का नकोत? दुसऱ्याचा युक्तिवाद ऐकायला जास्त हुशारीचा वाटतो, पण चूक त्यातच आहे. बँकेचे साडेसहा टक्के पूर्ण वर्षाचे आहेत. शाळेचे पाच टक्के किती काळाचे आहेत आणि नेमके किती रकमेवरचे आहेत, हे त्याने पाहिलेलंच नाही.

वर्षाची फी १,२०,००० रुपये धरू. तिमाही हप्ता ३०,०००, भरायचे महिने जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च. एकरकमी भरली तर १,१४,००० रुपये, तेही जूनमध्येच. आता या १,१४,००० मधले ३०,००० तुम्ही जूनमध्ये तसेही भरणारच होता. त्या पैशांवर शाळा तुम्हाला कसली सवलत देणार? सवलत मिळते ती उरलेल्या पैशांसाठी. म्हणजे खरा व्यवहार असा आहे: तुम्ही शाळेला आज ८४,००० रुपये जास्तीचे देता आणि त्या बदल्यात पुढे द्यायचे ९०,००० तुमच्या डोक्यावरून उतरतात. सहा हजारांचं व्याज ८४,००० वर आहे, १,२०,००० वर नाही.

आणि हे ८४,००० वर्षभर अडकलेलेही नाहीत. त्यातला एक भाग तीन महिन्यांनी द्यावाच लागणार होता, दुसरा सहा महिन्यांनी, तिसरा नऊ महिन्यांनी. सरासरी काढली तर सहा महिने. म्हणजे ८४,००० रुपये सहा महिन्यांसाठी दिले आणि ६,००० सुटले. सहा महिन्यांत सव्वासात टक्क्यांच्या आसपास, म्हणून वर्षाला साधारण सव्वाचौदा टक्के. हे ढोबळ गणित झालं. चक्रवाढीने नेमकं काढलं तर आकडा १४.९ टक्के येतो.

यावर विश्वास बसत नसेल तर ताळा करून पाहा. अशी कल्पना करा की एका खात्यावर तिमाहीला ३.५३ टक्के व्याज मिळतं आणि जूनमध्ये तुम्ही त्यात ८४,००० ठेवले. सप्टेंबरमध्ये ते ८६,९६६ होतात. त्यातून हप्त्याचे ३०,००० काढले, उरले ५६,९६६. डिसेंबरपर्यंत त्यांचे ५८,९७७ होतात, हप्ता काढून २८,९७७. मार्चमध्ये बरोबर ३०,०००. शेवटचा हप्ता भरला आणि खातं शून्यावर आलं. म्हणजे जे खातं तिमाहीला ३.५३ टक्के, वर्षाच्या हिशेबाने जवळपास १५ टक्के देतं, तेवढंच शाळेच्या सवलतीची बरोबरी करतं. असं खातं कुठली बँक उघडून देते ते मला माहीत नाही.

संगणकावर एक्सेल असेल तर हेच एका ओळीत निघतं. यातला ३ म्हणजे वाचलेले हप्ते, ३०,००० म्हणजे हप्त्याची रक्कम आणि ८४,००० म्हणजे आज जास्तीचे द्यायचे पैसे:

```
=(1+RATE(3,30000,-84000))^4-1
```

आपल्या शाळेचे आकडे घालून पाहता येतील. एवढं करायचं नसेल तर सवलतीचा टक्का ढोबळपणे तिप्पट करा. याच चार हप्त्यांच्या वेळापत्रकात २ टक्के सवलत म्हणजे सुमारे साडेपाच टक्के व्याज, ३ टक्के म्हणजे साडेआठ आणि १० टक्के म्हणजे चक्क तेहतीसच्या वर. सवलत वाढते तसं व्याज तिच्यापेक्षाही वेगाने वाढतं, कारण तुम्ही गुंतवलेली रक्कम कमी होते आणि सुटका मात्र त्याच ९०,००० मधून होते.

आता बँकेशी तुलना. तेच ८४,००० तुम्ही साडेसहा टक्क्यांवर ठेवले आणि दर तिमाहीला त्यातून ३०,००० काढत गेलात, तर नऊ महिन्यांत मिळून सुमारे २,७०० रुपये व्याज मिळेल. खरं तर तीन-सहा महिन्यांच्या ठेवीला बँका बहुधा याहून कमीच देतात, पण राहू दे. या व्याजावर कर लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हातात उपकर वजा जाता साधारण १,८५० उरतात. सवलतीच्या सहा हजारांवर मात्र कर नाही, कारण ते उत्पन्न नव्हे, न झालेला खर्च आहे. सहा हजार विरुद्ध अठराशे-पन्नास, म्हणजे खरा फायदा चार हजारांच्या थोडा वर.

सवलत २ टक्केच असेल तर चित्र बदलतं. २,४०० रुपये वाचतात आणि बँकेतून त्याच माणसाला करानंतर दोन हजाराच्या जवळपास मिळाले असते. म्हणजे सगळा खटाटोप वर्षाला चारशे रुपयांसाठी. ज्याला कर भरावाच लागत नाही, त्याला तर बँकच जास्त देते.

इथवरचं गणित एका गृहीतकावर उभं आहे: एकरकमी फी आणि पहिला हप्ता एकाच दिवशी भरायचा. फीपत्रकात नेमकी इथेच मेख असते. समजा पहिला हप्ता जूनमध्ये आहे, पण सवलत हवी असेल तर एकरकमी फी एप्रिल सुरू होतानाच भरायची आहे. दोन महिन्यांचा तर फरक, असं वाटतं. पण आता जूनचे ३०,००० सुद्धा दोन महिने आधी गेले आणि उरलेले सगळे हप्तेही दोन-दोन महिने आधी गेले. तीच पाच टक्के सवलत, तेच सहा हजार, पण व्याजदर पंधरावरून थेट दहा टक्क्यांवर घसरतो. फीपत्रकावरचा सवलतीचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, तारीख लहान अक्षरात.

दुसरी गोष्ट म्हणजे सवलत कशावर आहे. १,२०,००० मध्ये शिक्षण शुल्क ८०,००० आणि बाकी बस, उपक्रम, टर्म फी वगैरे असेल, आणि पाच टक्के फक्त शिक्षण शुल्कावर असतील, तर वाचतात ४,००० आणि आगाऊ मात्र सगळेच पैसे जातात. मग व्याजदर साडेनऊच्या आसपास येतो. अशा वेळी शिक्षण शुल्क एकरकमी आणि बस हप्त्याने चालेल का, हे कार्यालयात विचारायला हरकत नाही. पुष्कळदा चालतं.

आतापर्यंत शाळेला मी बँकेच्या जागी बसवलं, पण शाळा म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. शाळेला आगाऊ दिलेली फी म्हणजे विनातारण कर्ज आहे, आणि पंधरा टक्के हा दर विनातारण कर्जालाच शोभणारा आहे. जानेवारी २०२५ मध्ये उत्तर भारतात फिटजी या शिकवणी संस्थेची काही केंद्रं अचानक बंद पडली, तेव्हा आगाऊ फी भरून बसलेल्या पालकांवर पोलिसांत तक्रारी करण्याची वेळ आली. जुन्या, जम बसलेल्या शाळेत असं होणं कठीण. पण एखादी संस्था दहा-पंधरा टक्के सवलत देऊन दोन-तीन वर्षांची फी एकदम मागत असेल, तर ती पालकांकडून व्याजानेच पैसे उचलते आहे. बँक तिला त्याहून स्वस्त का देत नाही, हा प्रश्न विचारावासा वाटला पाहिजे.

चांगल्या शाळेतसुद्धा एक धोका उरतोच, आणि तो तुमच्या बाजूचा असतो. बदली झाली, घर बदललं, मुलाला शाळा मानवली नाही. समजा दोन तिमाही झाल्यावर मूल काढावं लागलं आणि शाळेने काहीच परत केलं नाही. हप्त्याने भरणाऱ्याचे तोवर ६०,००० गेलेले असतात, तुमचे १,१४,०००. नुकसान ५४,०००. चार हजारांच्या फायद्यासमोर हे नुकसान ठेवलं तर वर्षाच्या मध्यात शाळा सोडण्याची शक्यता चौदा-पंधरात एक असली, तरी सौदा बरोबरीत सुटतो. त्याहून जास्त असली तर हप्तेच बरे. बँकेत, रेल्वेत, सैन्यात नोकरी असलेल्या घरांना हा हिशेब वेगळा सांगायला नको. एकरकमी भरण्याआधी परताव्याचा नियम लेखी मागावा: तिमाहीच्या हिशेबाने परत मिळतील का, आणि मधूनच सोडलं तर दिलेली सवलत कापून घेणार का.

परतावा कायद्याने किंवा सरकारी आदेशाने मिळाला तरी तो रोख हातात येईलच असं नाही. महाराष्ट्र सरकारने १२ ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयाने २०२१-२२ च्या फीत १५ टक्के कपात करायला सांगितली. आधीच पूर्ण फी भरलेल्या पालकांची जादा रक्कम पुढच्या हप्त्यांत किंवा पुढच्या वर्षाच्या फीत वळती करण्याची मुभा शाळांना होती, आणि तसं जमणार नसेल तरच परत करायची होती. हप्त्याने भरणाऱ्याला मात्र पुढचा हप्ताच कमी भरता येत होता. पैसे ज्याच्या हातात असतात, त्याला असा फरक पडतो.

राहिला प्रश्न कर्ज काढून एकरकमी भरण्याचा. दर पंधरा टक्के असल्याने तेरा टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज परवडेल असं वाटतं. ८४,००० घेतले आणि दर तिमाहीला ३०,००० फेडले, तर शेवटी पाचशे रुपये वाचतात. पण कर्ज देणाऱ्याने दोन टक्के प्रक्रिया शुल्क घेतलं तर त्यातच १,६८० गेले, वर जीएसटी. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढते, म्हणजे तिमाहीत नऊ टक्के आणि वर. तिथे साडेतीन टक्के तिमाहीची सवलत कुठेच पुरत नाही. घरात मुदत ठेव पडून असेल आणि ती मोडायची नसेल, तर तिच्यावर बँक ठेवीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त घेऊन कर्ज देते. पाच टक्के सवलतीसाठी ते कर्ज घ्यायला हरकत नाही, अट एवढीच की सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चला एरवी शाळेत जाणारे ३०,००० त्या कर्जात भरले गेले पाहिजेत.