क्लिक मिळाले, प्रेक्षक टिकले का?

पुरणपोळीच्या व्हिडिओला ‘ही चूक केलीत तर संपलंच!’ असं शीर्षक दिलं की लोक क्लिक करतात. मग पहिली दोन मिनिटं नमस्कार, चॅनेलची ओळख, डाळ धुणं यातच जातात. चूक कोणती ते कळत नाही आणि प्रेक्षक निघून जातो. व्ह्यूज सुरुवातीला वाढतात, पण हळूहळू यूट्यूब तो व्हिडिओ सुचवणंच कमी करतं.

यामागे साधा हिशेब आहे. 2012 साली यूट्यूबने शिफारशींसाठी नुसत्या व्ह्यूजपेक्षा पाहिलेल्या वेळेला महत्त्व द्यायला सुरुवात केली. 2016 मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी एका शोधनिबंधात कारण सांगितलं: केवळ क्लिकवर क्रम लावला, तर लोक पूर्ण न पाहणारे फसवे व्हिडिओ वर येतात. आज प्रेक्षकांचं समाधानही मोजलं जातं, पण मूळ तत्त्व तेच आहे.

समजा, आठ मिनिटांच्या या व्हिडिओचं थंबनेल हजार वेळा लोकांसमोर आलं. भडक शीर्षकावर 100 जणांनी क्लिक केलं आणि सरासरी एक मिनिट पाहिलं, तर एकूण 100 मिनिटं झाली. ‘पुरणपोळी रेसिपी’ या सपक शीर्षकावर 20 जणच आले, पण पाच मिनिटं थांबले. तीही 100 मिनिटंच. आता ‘पुरणपोळी फुटते? पुरण किती घट्ट हवं ते पाहा’ असं शीर्षक दिलं आणि 60 जण चार मिनिटं थांबले, तर 240 मिनिटं होतात. उत्सुकता इथेही आहे, पण काय मिळणार हेही स्पष्ट आहे.

मात्र हे वचन लगेच पाळायला हवं. कट नीट निथळला नाही की पुरण सैल राहतं आणि पोळी फुटते; पुरणात चमचा उभा राहिला की ते तयार झालं. हा चमचा पहिल्या अर्ध्या मिनिटात दाखवा आणि मग कृती सांगा.

गडबड कुठे आहे, हे यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख सांगतो. थोडी घसरण सगळीकडेच असते. क्लिकचं प्रमाण चांगलं असून पहिल्या 30 सेकंदांतच रेषा कोसळली, तर शीर्षक आणि सुरुवात यांचा मेळ नाही. रेषा टिकून आहे पण क्लिक कमी आहेत, तर शीर्षक किंवा थंबनेल बदलून पाहा. व्हिडिओ अनोळखी प्रेक्षकांपर्यंत पोचू लागला की क्लिकचं प्रमाण आपसूक घटतं; तेवढ्यावरून घाईने शीर्षक बदलू नका.

शीर्षक लिहून झालं की व्हिडिओची पहिली 30 सेकंदं पाहा. तिथे शीर्षकातल्या प्रश्नाला हात घातलेला नसेल, तर प्रसिद्ध करण्याआधी दोन्हींपैकी एक बदला.