टॉपिक नकोत, अडचण सांगा

जून उजाडला की इंजिनिअरिंग कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लास टीचरचा ठरलेला मेसेज येतो : ‘फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी चांगले टॉपिक असतील तर सुचवा.’ त्यावर दोन-चार अंगठे उमटतात, कुणी ‘नक्की सर’ लिहितं, कुणी ‘आयओटीमध्ये काहीतरी करा, सध्या डिमांड आहे’ असा सल्ला देऊन मोकळं होतं. जुलै लागतो आणि मुलं मळलेल्या वाटेनं जातात. एकतर सीनियरची जुनी ब्लॅक बुक शोधायची, नाहीतर तयार प्रोजेक्ट विकणाऱ्याकडे जायचं.

यात माजी विद्यार्थ्यांचा दोष मला फारसा दिसत नाही. टॉपिक मागितला की माणूस टॉपिकच देतो. भोसरीच्या शॉपमध्ये दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलाला आपल्याला रोज काय नडतं हे पक्कं ठाऊक असतं, पण ते प्रोजेक्टच्या लायकीचं आहे असं त्याला वाटत नाही. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं तर मेसेज वेगळा लिहावा लागतो. मेकॅनिकलच्या क्लास टीचरनं तो साधारण असा लिहावा :

‘नमस्कार मंडळी. जुलैपासून आपल्या चौथ्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्ट सुरू होत आहेत. तुमच्या कामाच्या जागी रोज नडणारी एक गोष्ट मला हवी आहे. चार ओळी पुरेत. काय अडतं आणि कितीदा? त्यावर आज तुम्ही काय करता? त्याचा कुठला आकडा आज मोजला जातो? आणि चार मुलांना महिन्यातून दोनदा आत सोडायची परवानगी कोण देईल? उपाय सुचवू नका, तो मुलांना शोधू द्या. कंपनीची गुप्त माहिती लिहू नका. एप्रिलपर्यंत थांबू न शकणारं काम असेल तर तेही नको.’

यातला परवानगीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अडचण कितीही चांगली असली तरी गेटवर मुलांना कुणी ओळखत नसेल, तर तो प्रोजेक्ट सप्टेंबरातच बसतो. शेवटची अटही तितकीच कामाची. कारखान्याला पंधरा दिवसांत उत्तर हवं असतं आणि कॉलेजचं काम सातव्या-आठव्या सेमिस्टरवर पसरलेलं असतं. तातडीचं काम मुलांकडे आलं की ती फुकटचे कामगार होऊन बसतात.

आता एक उत्तर धरून चालू. समजा, मशिनिंगचं छोटं युनिट सांभाळणारा एक माजी विद्यार्थी लिहितो : ‘सर, कॉम्प्रेसरचं वीजबिल फार येतं. मुलांकडून एखादं मॉनिटरिंग ॲप करून घ्या ना.’ अडचण खरी आहे, पण सांगूनही त्यानं उपाय चिकटवलाच. इथून पुढचं काम क्लास टीचरचं. त्यानं फोन करून विचारायचं, ‘रविवारी सगळी मशिनं बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवलास तर तो किती वेळ लोड घेतो?’ बहुतेकदा हे कुणी पाहिलेलंच नसतं.

या प्रश्नात सगळा प्रोजेक्ट दडलेला आहे. साधा स्क्रू कॉम्प्रेसर वरच्या ठरलेल्या दाबाला पोचला की अनलोड होतो, म्हणजे मोटर फिरते पण हवा भरत नाही. दाब खाली आला की पुन्हा लोड घेतो. मशिनं बंद म्हणजे हवेचा वापर शून्य. तरीही तो लोड घेत असेल तर तेवढी हवा गळतेय. स्टॉपवॉच घेऊन लोडचा वेळ आणि अनलोडचा वेळ लिहायचा, आठ-दहा फेऱ्यांची सरासरी काढायची. लोडच्या वेळेला दोन्हींच्या बेरजेनं भागलं की गळतीचं प्रमाण मिळतं. 40 सेकंद लोड आणि 80 सेकंद अनलोड असेल, तर 120 पैकी 40, म्हणजे एक तृतीयांश. कॉम्प्रेसर 100 सीएफएमचा असेल, तर 33 सीएफएम हवा वाया जातेय.

इथे मुलं हमखास फसतात. सुट्टीच्या आधी ऑपरेटर आपल्या मशिनचा व्हॉल्व्ह सवयीनं बंद करून जातो. मग चाचणीत फक्त मुख्य पाइपलाइनची गळती दिसते आणि मशिनच्या आतली, एफआरएल युनिटची, होजची, क्विक कपलिंगची सुटून जाते. म्हणून चाचणी दोनदा करायची, एकदा व्हॉल्व्ह बंद ठेवून आणि एकदा उघडून. दोन आकड्यांतला फरक म्हणजे मशिनच्या बाजूची गळती. त्यानंतर साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन जॉइंट तपासायचे आणि जिथे बुडबुडे येतील तिथे टॅग बांधायचा.

दुरुस्तीनंतर गळती 10 सीएफएमवर आली असं धरू. आता लोड 30 सेकंदांचा आणि अनलोड तब्बल साडेचार मिनिटांचा दिसेल. मुलं लगेच हिशेब मांडतात : 23 टक्के हवा वाचली, लोडवर कॉम्प्रेसर 18 किलोवॉट खातो, रोज 16 तास, वर्षाला 300 दिवस, युनिटला 9 रुपये, म्हणून बचत सुमारे 1 लाख 80 हजार. एक्स्टर्नल जाणकार असेल तर तो इथेच अडवतो, आणि अडवावंच. अनलोड झालेला कॉम्प्रेसर बंद होत नाही. तो 6 किलोवॉट खात असेल, तर वाचलेल्या हवेमागे फरक पडतो 12 किलोवॉटचा. त्या हिशेबानं बचत येते 1 लाख 20 हजारांच्या आसपास. साठ हजारांची ही तफावत मुलांनी स्वतः पकडली, तर त्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण तेच, असं माझं मत आहे. आणि युनिटमधला कॉम्प्रेसर व्हीएफडीचा असेल, तर लोड-अनलोडची ही रीतच लागू होत नाही. तिथे हवेचा फ्लो मोजावा लागतो. क्लास टीचरनं हे पहिल्याच फोनवर विचारून घ्यावं.

पण मुलांची काळजी वेगळी असते : ‘सर, यात मॉडेल कुठाय?’ विद्यापीठाच्या रिव्ह्यूला काहीतरी बनवून दाखवावं लागतं, आणि ही काळजी खोटी नाही. उत्तर त्याच अडचणीत सापडतं. गळती एकदा बंद केली की कायमची जात नाही. होज झिजतात, कपलिंग ढिली होतात. मग कॉम्प्रेसरच्या एका फेजच्या वायरीभोवती करंट मोजणारा क्लॅम्प बसवायचा आणि त्याची नोंद छोट्या बोर्डवर घ्यायची. करंट जास्त म्हणजे लोड, कमी म्हणजे अनलोड. दुसरी पाळी सुटल्यावर सकाळपर्यंत मशिनं बंदच असतात. तेव्हा कॉम्प्रेसर तासभर चालू ठेवला तर गळतीची चाचणी रोज आपोआप होते. सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळण्यासारखं आहे. क्लॅम्प मात्र मुलांनी बसवायचा नाही. पॅनेल उघडून ते काम कारखान्याचा इलेक्ट्रिशियनच करेल, हे परवानगीच्या पत्रात लिहून घ्यावं.

कॉलेजचं लांबलेलं वेळापत्रक इथे उपयोगी पडतं. ऑगस्टात पहिली मोजणी, ऑक्टोबरात दुरुस्ती, आणि त्यानंतर मार्चपर्यंत गळती कशी वाढत जाते याचा आलेख. किती महिन्यांनी जॉइंट पुन्हा तपासावेत, हे त्या युनिटच्या मालकाला या आलेखावरून ठरवता येतं. ॲप मागणाऱ्या माजी विद्यार्थ्याला हा कागद मिळाला की ॲपची गरज उरली आहे का, हे त्याचं त्यालाच ठरवू द्यावं.

ज्यांच्या अडचणी घेतल्या नाहीत त्यांनाही जुलै संपायच्या आत एका ओळीचं उत्तर जायला हवं : का घेतली नाही, आणि काय वेगळं असतं तर घेतली असती. ‘मोजता येईल असा आकडा नव्हता’ किंवा ‘आत यायला परवानगी नव्हती’ एवढं लिहिलं तरी पुरतं. पुढच्या जूनमध्ये तोच माणूस आकडा मोजून आणि मॅनेजरला विचारून मग मेसेज टाकतो.