बुटात लपवलेली पाने

नेरूळला आमच्या शेजारी राहणाऱ्या नववीतल्या मुलीला शाळेत लिहायला दिले होते: पहिल्या महायुद्धातल्या पायदळ शिपायाच्या दैनंदिनीतले एक पान. तिने फ्रान्समधला चिखल, उंदीर आणि आईची आठवण झकास लिहिली होती. अडचण दुसऱ्याच ओळीत होती. तिचा शिपाई 1916 साली लढाईला 'पहिले महायुद्ध' म्हणत होता. दुसरे व्हायचे असताना त्याला ते पहिले आहे हे कसे कळले? बनावट पान असेच उघडे पडते. पुढे घडलेले त्याला आधीच ठाऊक असते.

"मग आपला शिपाई काय लिहीत असेल?" तिने विचारले.

पहिली गोष्ट, तो बहुधा लिहीतच नव्हता. 1911 च्या शिरगणतीत हिंदुस्थानात दर शंभर पुरुषांत जेमतेम अकरा साक्षर होते. पलटणीतला लिहिता येणारा गडी बाकीच्यांची पत्रे लिहून देई, आणि मराठी पत्र मोडीत असण्याचीही शक्यता मोठी. फ्रान्समधून जाणारी पत्रे सेन्सॉर वाची, हे शिपायांना माहीत होते. म्हणून एका पत्रात काळी मिरी संपत आली, आता लाल लागते आहे, अशा अर्थाचा मजकूर येतो. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. अशा धाकात रोजनिशी ठेवणे सोपे नव्हते.

दुसरे म्हणजे मराठा पलटणींच्या वाट्याला मोठ्या प्रमाणावर फ्रान्स नव्हे, मेसोपोटेमिया आले. पुणे डिव्हिजनच्या 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी टायग्रिसच्या वळणातल्या कूत अल-अमारा गावात अडकल्या. वेढा 7 डिसेंबर 1915 ला पडला. पूर्वेकडच्या मातीच्या किल्ल्यात 103 वी होती. नाताळच्या आदल्या रात्री तुर्कांनी तिथे चढाई केली. 110 वी नदीपल्याडच्या वस्तीत, म्हणजे मुख्य फौजेपासून पाण्याने तोडलेली. जानेवारीत नदी चढली आणि पाणी खंदकांत शिरले. मागे हटावे लागले ते दोन्ही बाजूंना.

त्या मुलीच्या पानात सगळ्यात कमी होते ते अन्न. कूतच्या खऱ्या पानावर तेच सगळ्यात जास्त असते. जानेवारीच्या अखेरीपासून घोडे कापायला सुरुवात झाली. गोरे शिपाई खाऊ लागले, हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी नकार दिला. नुसत्या धर्माचा प्रश्न नव्हता. गावी परतल्यावर भाऊबंद पंगतीला बसू देतील का, ही धास्ती होती. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या गेल्या, तरी कित्येक जण एप्रिलपर्यंत हटले नाहीत. तोवर पीठ माणशी चार औंसांवर आले होते, म्हणजे साधारण 113 ग्रॅम, दोन-तीन भाकऱ्यांपुरते. भाजीपाला नाही, मांस नाही, त्यामुळे हिरड्या सुजून रक्त येणारा स्कर्व्ही हिंदी शिपायांत जास्त पसरला. शिपाई खंदकाबाहेरचा रानपाला खुडून शिजवत. विमानातून पोती टाकण्याचा प्रयत्न झाला, तो पुरला नाही. 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 माणसांनी शरणागती पत्करली.

या वेढ्याची एका हिंदी माणसाने लिहिलेली रोजनिशी आपल्यापर्यंत पोचली आहे, पण ती बंगालीत. शिशिर सर्वाधिकारी बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमध्ये साधा स्वयंसेवक होता, बंदूकवाला नव्हे. कैदेत जाताना त्याने वही फाडली, तुकडे बुटात लपवले आणि पुढे त्यांवरून पुन्हा लिहून काढले. पुस्तक निघाले चाळीस वर्षांनी. म्हणून ते वाचताना मी एक भेद करतो. भूक, ऊन, कोण कुठे पडला हे तुकड्यांवरचे असणार, त्यावर विश्वास टाकतो. लांबलचक संवाद आठवणीतून भरलेले असू शकतात, तिथे जरा थांबतो. इतिहासकाराला हे किरकोळ वाटत असेल, मला नाही.

मराठा शिपायाच्या नावावर उरले ते बहुतेक आकड्यांत. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली फक्त संख्या. नावे कागदावरच्या याद्यांत राहिली.

नवी मुंबईत सातारा, रत्नागिरी, रायगडहून आलेली घरे पुष्कळ आहेत. या दिवाळीत गावी गेलात तर माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडा. चांदीचे पदक सापडले तर त्याची कड भिंगाखाली धरा. शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण तिथे ठोकलेली असते. तो युद्धातून परतला नसेल, तर तेच नाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा, इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी बदलून. मोडीतला एखादा कागद निघालाच, तर तो लॅमिनेट करू नका.