कुलूप कोणाच्या भरवशावर?

तुमचा मोबाइल आणि बँकेचा सर्व्हर यांची आधी कधी गाठ पडलेली नसते. तरी पत्त्याच्या सुरुवातीला `https` असेल, तर पान उघडण्याआधीच दोघांमध्ये एक गुप्त किल्ली ठरते आणि पुढचे सगळे बोलणे तिच्या कुलपात बंद होऊन जाते. गंमत म्हणजे ही किल्ली ठरवण्याची बोलणी उघड्यावरच सुरू होतात. वायफायचा मालक, इंटरनेट पुरवणारी कंपनी, मधली यंत्रे, कोणीही ती ऐकावीत. ऐकून त्यांच्या हाती काही लागत नाही.

हे कसे जमते, ते शाळेतल्या भागाकाराच्या बाकीवरून कळते. समजा, ब्राउझर आणि सर्व्हर यांनी ३ आणि १७ हे दोन आकडे उघडपणे ठरवले. ब्राउझर मनात ६ धरतो. ३ चा सहावा घात ७२९, त्याला १७ ने भागले की बाकी १५. हा १५ तो सर्व्हरला कळवतो. ६ कोणालाच सांगत नाही. सर्व्हर मनात ७ धरतो. ३ चा सातवा घात २१८७, बाकी ११. तो ११ कळवतो. आता ब्राउझर आलेल्या ११ चा आपला सहावा घात करतो, १७ ने भागतो, आणि बाकी येते ८. सर्व्हर आलेल्या १५ चा आपला सातवा घात करतो, १७ ने भागतो, आणि त्याचीही बाकी ८ च. हा आठ तारेवरून कधी गेलाच नाही. चोरून ऐकणाऱ्याकडे ३, १७, १५ आणि ११ आहेत. आकडे एवढे लहान असताना तो सगळे घात करून बघेल आणि ६ शोधून काढेल. पण आकडे शेकडो अंकी झाले की बाकीवरून घात शोधणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर जाते.

व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही युक्ती १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. आज घातांऐवजी बहुतेक ठिकाणी विशिष्ट वक्ररेषांवरचे गणित वापरतात, पण कल्पना तीच. २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ या नियमावलीत ही देवाणघेवाण एका फेरीत उरकते: ब्राउझरचा निरोप जातो, सर्व्हरचे उत्तर येते, किल्ली तयार. या ओळखपाळखीलाच हँडशेक म्हणतात. मनात धरलेले आकडे काम झाल्यावर टाकून दिले जातात. त्यामुळे आजची वाहतूक कोणी साठवून ठेवली आणि उद्या सर्व्हरच्या कायमच्या किल्लीवर डल्ला मारला, तरी जुने बोलणे उघडत नाही.

एवढ्यावर भागले असते, तर सर्टिफिकेटची गरजच पडली नसती. पण या युक्तीत एक भगदाड आहे. किल्ली ठरली खरी, पण ती ठरली कोणाशी? मध्ये बसलेला भामटा ब्राउझरला म्हणेल, ‘मीच बँक’, आणि बँकेला म्हणेल, ‘मीच ग्राहक’. दोन्हीकडे तो वेगवेगळी किल्ली ठरवील आणि मध्ये बसून सगळे वाचील. दोन्ही कुलपे अस्सल, आणि चोर घरात.

म्हणून हँडशेकमध्येच सर्व्हर आपले सर्टिफिकेट पुढे करतो. त्यात मुख्यतः चार गोष्टी असतात: साइटचे नाव, तिची सार्वजनिक किल्ली, मुदत, आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही. सर्टिफिकेट कोणालाही दिसते, ते चोरून उपयोग नाही. कारण सर्व्हरला याच हँडशेकमधल्या संभाषणावर आपल्या खासगी किल्लीने सही करून दाखवावी लागते आणि ती किल्ली भामट्याकडे नसते. ब्राउझर नाव जुळते का, मुदत आहे का, सही बरोबर आहे का हे बघतो. मग सही करणाऱ्यावर कोणाची सही, त्याच्यावर कोणाची, असे वर चढत जातो. शेवटी तो मूळ संस्थेपाशी पोचतो. तिचे नाव ब्राउझरमध्ये किंवा विंडोजसारख्या प्रणालीत आधीपासून भरलेले असते. त्या यादीवर आपण कधी मत दिलेले नाही, पण विश्वास मात्र रोज तिच्यावरच टाकतो.

ही यादी किती नाजूक आहे हे २०१४ मध्ये भारतातच दिसले. २ जुलैला गुगलला आपल्या काही पत्त्यांसाठी, आपण कधीच न मागितलेली सर्टिफिकेट आढळली. ती नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या, म्हणजे एनआयसीच्या सर्टिफिकेट व्यवस्थेतून निघाली होती. एनआयसीच्या वर होते केंद्र सरकारचे सर्टिफिकेट नियंत्रक, आणि नियंत्रकांचे मूळ सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते. त्यामुळे विंडोजवरच्या बहुतेक प्रोग्रॅमना ती बनावट सर्टिफिकेट खरी वाटली असती. फायरफॉक्स मात्र बचावला, कारण त्याची स्वतःची यादी आहे आणि तीत भारतीय नियंत्रक नव्हते. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी एनआयसीची सर्टिफिकेट रद्द केली. पुढे प्रत्येक सर्टिफिकेट जाहीर नोंदवहीत चढवण्याची पद्धत रूढ झाली. एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या सर्टिफिकेटची अशी नोंद नसेल तर क्रोम ते मानत नाही. आपल्या नावावर परस्पर काय निघाले, हे साइटच्या मालकाला तिथे बघता येते.

सर्टिफिकेट एवढेच सांगते की पत्त्यात लिहिलेल्या नावाच्याच सर्व्हरशी तुम्ही बोलता आहात. तो माणूस सज्जन आहे, असे ते म्हणत नाही. फसव्या साइटलाही आपल्या फसव्या नावाचे सर्टिफिकेट रीतसर आणि फुकट मिळते.

आणि त्या सर्टिफिकेटची हमी त्या जोडणीतून आलेल्या मालापुरतीच. एक पान मात्र एकाच जोडणीतून येत नाही. चित्रे, अक्षरांचे फॉन्ट, स्क्रिप्ट असे तुकडे निरनिराळ्या सर्व्हरवरून येतात. पान `https` वरून आले आणि त्यातली एक स्क्रिप्ट साध्या `http` वरून मागवली, तर त्या स्क्रिप्टला ना कुलूप, ना ओळखपत्र. वाटेतला कोणीही ती बदलू शकतो, आणि पानात शिरलेली स्क्रिप्ट तुम्ही टाइप केलेला पासवर्डसुद्धा वाचू शकते. हे काल्पनिक नाही. मार्च २०१५ मध्ये बायडूची साध्या `http` वरून जाणारी स्क्रिप्ट चीनच्या वेशीवर काही जणांपुरती बदलली गेली, आणि त्यांचे ब्राउझर त्यांच्या नकळत गिटहबवर मारा करू लागले.

म्हणून अशी स्क्रिप्ट ब्राउझर सरळ अडवतो. पानाचा एखादा भाग मुका झाला, बटण दाबून काही होत नाही, असे दिसले तर संगणकावर F12 दाबून कन्सोल बघावा. तिथे `Mixed Content` ने सुरू होणारी ओळ आणि अडवलेला पत्ता सापडतो. चित्रांच्या बाबतीत ब्राउझर पूर्वी नरम होते. आता क्रोम चित्राचा पत्ता आपणहून `https` करून बघतो आणि तसे ते मिळाले नाही तर दाखवत नाही.

हा त्रास बहुतेक जुन्या साइटना होतो. वर्षानुवर्षांच्या लेखांत चित्रांचे पूर्ण पत्ते `http://` सकट लिहिलेले असतात, आणि साइट `https` वर गेली तरी ते जुनेच राहतात. सर्व्हरने पानासोबत ही एक ओळ पाठवली, की ब्राउझर पानातले असे सगळे पत्ते मागवण्याआधीच बदलून घेतो:

```
Content-Security-Policy: upgrade-insecure-requests
```

मात्र ज्या परक्या सर्व्हरवर ते चित्र आहे त्याला `https` येतच नसेल, तर या ओळीने काम होत नाही. मग चित्र आपल्या सर्व्हरवर आणून ठेवणे किंवा लेखातून काढून टाकणे, एवढेच उरते.